‘काही किरकोळ बदल’ म्हणजे नेमके कोणते?

प्रिय मुली,

थकवा मोजणाऱ्या मापनीच्या, म्हणजे गुण देऊन मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या, निर्मात्यांना परवानगी मागणाऱ्या पत्राचा तुझा मसुदा दोनदा वाचला. ओळख नेटकी आहे, संशोधनाचा विषयही दोन वाक्यांत कळतो. मला खटकलं ते शेवटचं वाक्य: ‘आपली मापनी काही किरकोळ बदलांसह वापरण्याची परवानगी द्यावी.’ हे वाक्य असंच गेलं, तर समोरून ‘जरूर वापरा’ असं उत्तर येईल आणि त्या उत्तराचा तुला काहीच उपयोग होणार नाही.

माझ्याबाबतीत नेमकं हेच झालं होतं. एका मापनीच्या निर्मात्यांना मी असंच मोघम पत्र पाठवलं. एका ओळीचा होकार आला. मग मी उलट गुणांकनाची दोन विधानं गाळली, कारण लोक ती वाचताना अडखळत होते. पाच पर्यायांचे चारही केले. माहिती गोळा झाली, लेख पाठवला, तेव्हा परीक्षकाने विचारलं की या बदललेल्या रूपाला मूळ लेखकाची संमती आहे का? पुन्हा पत्र लिहिलं. उत्तर सौम्य होतं, पण स्पष्ट होतं. परवानगी मूळ मापनीला होती. ती दोन विधानं सगळ्यालाच ‘हो’ म्हणत जाणाऱ्या माणसांना ओळखण्यासाठी मुद्दाम घातलेली होती, आणि ती गाळून जे उरलं ते मूळ मापनीच्या नावाने छापू नका, असं त्यांनी कळवलं. लेख मागे घ्यावा लागला. चूक माझी होती, कारण मी विचारलंच नव्हतं.

म्हणून वापर आणि बदल या दोन वेगळ्या मागण्या समज. भाषांतर ही तिसरी. प्रबंधाच्या परिशिष्टात पूर्ण प्रश्नावली छापणं ही चौथी, आणि ही हमखास विसरली जाते. प्रबंध विद्यापीठाच्या संग्रहात ऑनलाइन जातो, म्हणजे प्रश्नावली सगळ्या जगाला खुली होते. कित्येक निर्माते वापराला आनंदाने हो म्हणतात, पण परिशिष्टात नमुन्यादाखल दोन-तीनच विधानं द्या असं सांगतात.

पत्र लिहायच्या आधी हक्क कोणाकडे आहेत ते बघ. निर्माता आणि हक्कधारक एकच असतील असं नाही. नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ घे: तिच्या छापील फॉर्मवरच लिहिलेलं असतं की प्रत काढायला, भाषांतर करायला किंवा वाटायला परवानगी लागत नाही. त्याच कामाची १९९६ची बीडीआय-२ मात्र पिअर्सन ही प्रकाशन संस्था विकते. तिथे रीतसर परवाना घ्यावा लागतो, लेखकाचा आपुलकीचा होकार पुरत नाही. मूळ लेखाचं शेवटचं पान, मापनीची मार्गदर्शिका आणि निर्मात्याचं संस्थेतलं पान या तीन ठिकाणी बहुधा उत्तर सापडतं. नाही सापडलं तर पत्रातच विचार: ‘हक्क आपल्याकडे नसल्यास कोणाला लिहावे, हे कृपया कळवावे.’

आता तुझ्या मापनीकडे येऊ. मूळ १४ विधानं रुग्णालयातल्या परिचारिकांसाठी लिहिलेली आहेत आणि तुला ती घरी आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांना विचारायची आहेत. सहावं विधान आहे: ‘घरी आल्यावरही कामाचे विचार डोक्यातून जात नाहीत.’ तुझी माणसं दिवसभर घरातच असतात. त्यांच्यासाठी घर हीच कामाची जागा आहे, त्यामुळे हे विधान नुसतं भाषांतर करून चालणार नाही. अकरावं विधान वरिष्ठांच्या पाठिंब्याबद्दल आहे आणि त्यांना वरिष्ठ नाहीत. मला ‘किरकोळ बदल’ या शब्दांमागे ही दोन विधानं दिसली. निर्मात्याला ती कशी दिसतील?

तेव्हा पत्र असं असू दे. इंग्रजीत लिहिताना आशय हाच ठेव:

*विषय: आपली १४ विधानांची मापनी वापरणे, मराठी भाषांतर व दोन विधानांत बदल यांसाठी परवानगी*

*मी पीएच.डी.ची विद्यार्थिनी असून घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांच्या थकव्याचा अभ्यास करत आहे. त्यासाठी आपली मापनी सुमारे २०० जणांना, कागदावर व ऑनलाइन, कोणताही मोबदला न घेता द्यायची आहे. त्यासाठी पुढील चार गोष्टींची परवानगी मागते: मापनीचा वापर, मराठी भाषांतर, ज्याचे उलट भाषांतर करून मी आपल्याला दाखवेन, विधान ६ व ११ मध्ये सोबतच्या तक्त्याप्रमाणे बदल, आणि प्रबंधाच्या परिशिष्टात पूर्ण मापनी छापणे. उत्तराचे पर्याय व गुणांकन मी बदलणार नाही. यांपैकी एखादी गोष्ट मान्य नसेल तर तेवढी कळवावी. मराठी भाषांतर आधीच झाले असल्यास त्याची माहिती द्यावी.*

सोबतचा तक्ता एका पानाचा आणि तीन रकान्यांचा: मूळ विधान, प्रस्तावित विधान, कारण. सहाव्यासाठी ‘थोडी विश्रांती मिळाली तरी रुग्णाचे विचार डोक्यातून जात नाहीत’ असं सुचव. अकराव्यासाठी ‘वरिष्ठ’च्या जागी ‘घरातील इतर माणसं’ घालावंसं तुला वाटेल. ते सुचव, पण कारणाच्या रकान्यात कबूलही कर की अधिकाराच्या माणसाचा पाठिंबा आणि भावंडांचा पाठिंबा एकच नाहीत. निर्माते इथे कदाचित ‘हे विधान गाळाच’ म्हणतील. गाळलं तर एकूण गुण १४ ते ७० ऐवजी १३ ते ६५ होतात, आणि मूळ लेखातली ‘इतक्या गुणांच्या वर म्हणजे तीव्र थकवा’ ही सीमारेषा तुला लावता येत नाही. विधान नुसतं बदललं तरी ती सीमा तशीच लागू पडेल असं गृहीत धरू नकोस. विश्वसनीयता नव्या गटावर तुलाच तपासावी लागेल, हे पत्रात एका वाक्यात लिही. आपण काय मोडतो आहोत हे या विद्यार्थिनीला कळतं, एवढं त्यावरून निर्मात्याला दिसतं.

पत्र विद्यापीठाच्या ईमेलवरून पाठव आणि मार्गदर्शकांना प्रतीत ठेव. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही, तर त्याच साखळीत चार ओळींची आठवण कर. तरीही शांतता असेल तर सहलेखकाला, मग प्रकाशकाला लिही. मूळ लेखातला ईमेल जुना असू शकतो, त्यामुळे त्यांचा अलीकडचा लेख शोधून तिथला पत्ता घे. उत्तर न येणं म्हणजे संमती नव्हे. शेवटी काहीच हाती लागलं नाही, तर खुली असलेली दुसरी मापनी निवड. ‘आम्ही विचारलं होतं’ या आधारावर माहिती गोळा करायला घेऊ नकोस.

उत्तर आलं की ते नीट वाच. ‘वापरा, पण बदल नको’ असं असेल, तर मापनी आहे तशी दे आणि काळजीवाहकांचे प्रश्न वेगळ्या भागात, वेगळ्या नावाने विचार. दोन्हींचे गुण एकत्र करू नकोस. होकार असेल तर तारखेसह त्याची पीडीएफ काढ, नैतिकता समितीच्या अर्जाला जोड, आणि पहिली प्रश्नावली भरून घेण्याची तारीख त्यानंतरचीच आहे ना ते पाहा.

तक्ता आधी मला पाठव. अकराव्या विधानाचं कारण तू कसं मांडतेस, ते मला पाहायचं आहे.

तुझी,
ताई