अन्नछत्राच्या अर्जातील पहिला परिच्छेद: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: आमचे अन्नछत्र सरकारी रुग्णालयाबाहेर चालते. अर्जाची सुरुवात आम्ही ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ या वचनाने आणि देशातील भुकेच्या वर्णनाने करतो. दोन फाउंडेशनांनी नकार दिला. सुरुवात बदलावी का?

होय, बदलावी. भुकेसाठी निधी ठेवणाऱ्या फाउंडेशनच्या परीक्षकाला भुकेचे गांभीर्य पटवावे लागत नाही. तुमच्या पंगतीला कोण बसते आणि त्याला ते जेवण दुसरीकडे का मिळत नाही, हे त्याला कळायला हवे. यांतील दुसरी गोष्ट बहुतेक अर्जांत राहून जाते. रुग्णालयात रुग्णाला आहार मिळतो, मग अन्नछत्र कशासाठी, हा प्रश्न परीक्षकाच्या मनात येणारच, म्हणून त्याचे उत्तर पहिल्याच वाक्यात द्यावे. नमुन्यादाखल, आकडे तुमचे घालून, असे लिहिता येईल:

“जिल्हा रुग्णालयात दाखल रुग्णाला आहार मिळतो, मात्र त्याच्या उशाशी थांबलेल्या, खेड्यातून आलेल्या नातेवाइकाला तो मिळत नाही, आणि मजुरी बुडाल्यामुळे रोजचे विकतचे जेवण त्याला परवडत नाही. आमचे अन्नछत्र अशा नातेवाइकांना वर्षातील 300 दिवस संध्याकाळी भात, आमटी, भाजी आणि पोळीची थाळी विनामूल्य देते. रोज 150 थाळ्या वाढल्या जातात व एका थाळीला 30 रुपये खर्च येतो. 200 दिवसांचा खर्च स्थानिक देणग्यांतून भागतो. उरलेल्या 100 दिवसांसाठी, म्हणजे 15,000 थाळ्यांसाठी, आम्ही 4,50,000 रुपयांचे साहाय्य मागत आहोत.”

मागणीची रक्कम याच परिच्छेदात यावी. ती थाळीच्या खर्चाशी आणि पुढील अंदाजपत्रकाशी तंतोतंत जुळली पाहिजे. त्या 30 रुपयांत गॅस आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंचे मानधन धरले आहे ना, हे आधी तपासावे. केवळ शिध्याचा खर्च दाखवला, तर वर्षाच्या मध्यावर पैसे संपतात.

प्रश्न: वर्षाला 45,000 थाळ्या होतात. ‘45,000 लाभार्थी’ असे लिहिले तर चालेल का?

चालणार नाही. दहा दिवस मुक्काम असलेली आई दहा थाळ्या जेवते, पण ती व्यक्ती एकच असते, आणि अनुभवी परीक्षक हा फरक लगेच ओळखतो. नातेवाइकाच्या पासचा क्रमांक वहीत नोंदवत असाल, तर वेगवेगळ्या व्यक्तींची संख्या जरूर द्यावी. अशी नोंद नसेल, तर थाळ्यांचाच आकडा द्यावा. तो वाढप-वहीवरून पडताळता येतो, आणि माझ्या मते अंदाजे सांगितलेल्या मोठ्या संख्येपेक्षा त्याचे वजन अधिक आहे.

प्रश्न: फाउंडेशन एका कंपनीचे आहे. नोंदणी क्रमांक आणि कायद्याचा उल्लेख सुरुवातीलाच करावा का?

12ए, 80जी आणि सीएसआर-1 यांचे क्रमांक अर्जात त्यांच्या ठरलेल्या रकान्यातच द्यावेत. कंपनी कायदा, 2013 च्या सातव्या अनुसूचीत भूकनिर्मूलनाचा समावेश आहे. त्याचा संदर्भ द्यायचाच असेल, तर परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य पुरेसे आहे.