कोल्हापूरला परत येताय तर आधी आईकडून यादी घ्या

"१२ वर्षं जर्मनीत आहे, फौंड्री क्वालिटीमध्ये. पुढच्या वर्षी कायमचा कोल्हापूरला येतोय, स्वतःचं कन्सल्टिंग करायचा विचार आहे. जुने कॉन्टॅक्ट सगळे तुटलेत, लिंक्डइनवर कोणी धड उत्तर देत नाही. सुरुवात कुठून करू?"

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. मी २००८ ला गेलो, २०१९ च्या मे महिन्यात परत आलो, क्षेत्र तुमचंच. बँक खातं, टॅक्स, सामान आणायचे नियम हे सगळं तुम्हाला वाचायला मिळेल, त्यात मी पडत नाही. लिंक्डइनवर उत्तर येत नाही त्याचं कारण एवढंच की शिरोली किंवा गोकुळ शिरगावचा फौंड्रीवाला मालक तिथे नसतोच. तो सकाळी मेल्टिंगवर असतो, दुपारी मशीन शॉपमध्ये आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी.

त्या घरांबद्दलच सांगायचंय खरं तर.

मला पहिली नोकरी ज्यांनी दिली ते वडिलांचे मित्र. शिवाजी उद्यमनगरात छोट्या शेडमध्ये सुरुवात करून नंतर शिरोलीत फौंड्री टाकलेले. डिग्री घेऊन गेलो तेव्हा मला वाळू चाळायला लावलं त्यांनी तीन महिने, म्हणाले हाताला कळली पाहिजे. २००८ ला जर्मनीची ऑफर आली आणि मी पंधरा दिवसांत निघून गेलो, धड सांगितलंही नाही, एका मोठ्या ऑर्डरच्या मध्यात. नंतर फोन करू करू म्हणत राहिलो. २०१७ ला ते गेले, आईने फोनवर सांगितलं, आणि मी त्यांच्या घरी फोनसुद्धा केला नाही. काय बोलायचं हेच कळत नव्हतं. आणि परत आल्यावर माझ्या यादीत पहिलं नाव कुणाचं होतं? त्यांच्याच फौंड्रीचं, जी आता मुलगा चालवतो. मी सरळ फौंड्रीत गेलो, लॅपटॉप घेऊन, आठ पानी प्रेझेंटेशन. त्याने चहा दिला, ऐकून घेतलं, "बघू दादा, कळवतो" म्हणाला. कळवलं नाही. दोन महिने मी समजत राहिलो की इथल्या लोकांना क्वालिटीची किंमत नाही. बायकोने एकदा विचारलं, तू काकूंना भेटलास का? नव्हतो भेटलो.

मग गेलो घरी. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, पोरगी कशी आहे. मी तिथे अर्धा तास बसून होतो, तोंडातून एक वाक्य धड निघालं नाही. चार दिवसांनी मुलाचा फोन आला, "दादा, एक माल फार पडतोय, सहज बघून जा."

हे काम मिळवायची युक्ती म्हणून सांगत नाहीये. काम नसतं मिळालं तरी ते जाणं बाकीच होतं. पण आपल्या गावात नातं आणि धंदा दोन वेगळ्या फाइलींमध्ये ठेवता येत नाहीत, तिथे राहून आपण हे विसरतो, मी तरी विसरलो होतो.

आता तो "पडणारा माल" जरा नीट सांगतो, कारण कॉन्टॅक्ट खऱ्या अर्थाने त्यातून जुळले. पंपाचं हाउसिंग, ग्रे आयर्न, आतली पोकळी तयार व्हायला वाळूचा कोल्डबॉक्स कोअर. एरवी रिजेक्शन ४ टक्के, जुलै-ऑगस्टमध्ये ११. आणि दोष मशीनिंगनंतर दिसायचा, म्हणजे कास्टिंगचा खर्च गेलाच, वर मशीनिंगचा पण. सगळे म्हणत होते पावसाळा आहे, वाळूत पाणी जास्त. मी वाळूचे आठवडाभराचे रिपोर्ट बघितले तर मॉइश्चर आणि कॉम्पॅक्टेबिलिटी दोन्ही जागेवर. मग फोडलेले तुकडे हातात घेतले. भोकांच्या भिंती गुळगुळीत, चकाकणाऱ्या. श्रिंकेज असतं तर आतून खडबडीत, दाणेदार दिसलं असतं, म्हणजे हा गॅसच. आणि भोकं नेमकी कोअरच्या वरच्या बाजूला, दरवेळी तिथेच. म्हणजे गॅस वाळूतून नाही, कोअरमधून येतोय.

इथपर्यंत मी माझ्या जर्मनीतल्या शिकण्यावर आलो. पुढचं मला कोअर शॉपमधल्या एका मावशींनी सांगितलं. मी रजिस्टर उलटत बसलो होतो, त्या कोअर पुसत होत्या, म्हणाल्या, "साहेब, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी माल लई पडतोय बघा." रजिस्टरमध्ये ओतल्याची तारीख होती, कोअर कधी बनवला त्याची नव्हती. सुट्टीच्या आधी कोअर जास्तीचे करून ठेवायचे, ते शेडमध्ये जमिनीवर, बाहेर कोल्हापूरचा पाऊस, दोन-तीन दिवस दमट हवा पीत बसायचे. मग १४०० डिग्रीच्या आसपासचं लोखंड त्यावर गेलं की त्या पाण्याची वाफ होऊन धातूतच अडकायची.

एकाच हीटमधून ९० नग ओतले, खुणा वेगळ्या करून. ताज्या कोअरचे ३० त्यात १ खराब. तीन दिवस जुन्या कोअरचे ३० त्यात ७. आणि तीन दिवस जुने पण ओव्हनमध्ये पुन्हा वाळवलेले ३०, त्यात २, पण ती तिसरी बॅच भरायला जादाचे कोअर घ्यावे लागले कारण ४ बसवतानाच कडेला तुटले. वाळवल्याने पाणी जातं, पण दमटपणाने बाइंडरची गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही, म्हणून ओव्हन हा कायमचा उपाय नाही. शेवटी केलं काय तर प्रत्येक कोअरवर खडूने तारीख, रॅक जमिनीपासून वर, आणि पावसाळ्यात चोवीस तासांच्या आत वापर. सप्टेंबरला रिजेक्शन ५ टक्क्यांवर आलं. बाकीचे जे दोष होते, स्लॅग वगैरे, ते तसेच राहिले, त्यावर याचा काही परिणाम नव्हता आणि ते मी मालकाला स्पष्ट सांगितलं.

रिपोर्ट एका पानाचा लिहिला, मराठीत, आणि मावशींनी काय सांगितलं ते त्यात लिहिलं. ते पान मशीन शॉपमध्ये गेलं, तिथून साच्याचे नमुने बनवणाऱ्या पॅटर्न शॉपमध्ये. आणि मला दुसरं काम त्या पॅटर्नवाल्याकडून आलं, मालकाकडून नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगतो: कोणताही नवीन जॉब कास्टिंगच्या कितीतरी आधी पॅटर्नवाल्याकडे येतो, आणि कुठे माल पडायला लागला की दुरुस्तीला पॅटर्न परत त्याच्याकडेच येतो. कुठल्या फौंड्रीत काय दुखतंय हे त्याला माहीत असतं. मी आल्या आल्या मालकांच्या मागे फिरलो, त्याऐवजी दोन-तीन पॅटर्न शॉप आणि एखाद्या टेस्टिंग लॅबमध्ये नुसतं जाऊन बसलो असतो तरी वर्ष वाचलं असतं. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या कोल्हापूर चॅप्टरच्या कार्यक्रमांना जरूर जा, पण तिथे ओळख होते, काम मिळत नाही, निदान मला तरी नाही मिळालं. आणि लक्षात ठेवा तुम्ही ज्या मालकांना ओळखत होता त्यातले बरेच आता सकाळी फक्त चक्कर मारायला येतात, सह्या मुलगा किंवा सून करते. वडिलांची ओळख दारापर्यंत नेते, पुढे त्या पोराशी स्वतंत्र ओळख करावी लागते आणि त्याला तुमच्या जर्मनीच्या गोष्टी नको असतात, त्याला उद्याची डिस्पॅच हवी असते.

पैशांचं एकच. उद्यम रजिस्ट्रेशन करा, फुकट आहे, आणि सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं असा कायदा आहे, नाहीतर समोरच्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी टॅक्समध्ये दाखवता येतो. पण खरं सांगतो, वडिलांच्या मित्राच्या फौंड्रीवर तुम्ही तक्रार टाकणार नाही, मी नाही टाकली, ९० दिवस थांबलो. तेव्हापासून मी महिन्याचं बिल करत नाही, व्हिजिटची फी ठरवतो आणि त्याच दिवशी घेतो. सुरुवातीला मागायला जीव वर-खाली व्हायचा, पण त्यामुळेच संबंध टिकले.

तुम्ही मुलांबद्दल विचारलेलं नाही, पण असतील तर हे वाचाच. मुलगी तेव्हा पाचवीत जाणार होती. इथली शाळा म्हणाली दाखला आणा. जर्मन शाळेने दिलं ते प्रगतिपुस्तक आणि नाव कमी केल्याचं पत्र, आपल्यासारखा एलसी तिथे मिळतच नाही. मग म्हणाले अपोस्टिल आणा, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का. आता दोन्ही देश अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, पण भारताच्या बाबतीत जर्मनीने हरकत घेतलेली आहे, म्हणून अपोस्टिल चालतच नाही, आधी तिथल्या सरकारी ऑफिसचा शिक्का आणि मग आपल्या वकिलातीचा. हे मला कोल्हापुरात बसून कळलं. एका मित्राने तिकडे धावपळ करून कागद पाठवले तोवर सहा आठवडे पोरगी घरी, खिडकीत बसून. आणि शेवटी चौथीतच घेतली, मराठी येत नाही म्हणून. ती घरी मराठीच बोलायची हो, लिहिता येत नव्हतं फक्त. यंदा ती दहावीला आहे, बरोबरीच्या मैत्रिणी अकरावीला, आणि ती कधी बोलत नाही पण मला ते रोज दिसतं. तेव्हा शिक्के तिथे असतानाच घ्या, निघायच्या तीन महिने आधी.

एकटेपणा येतो, पहिला पावसाळा जड जातो, मग जातो तो. त्यावर जास्त लिहीत नाही.

आणि सुरुवात कुठून विचारलंत ना, तर आजच आईला किंवा घरात जे कोणी आहे त्यांना फोन लावा आणि लिहून घ्या, या बारा वर्षांत ओळखीतलं कोण कोण गेलं, कुणाकडे आपण जायला हवं होतं आणि गेलो नाही. कामाची माणसं वेगळी काढू नका, सगळीच लिहा. आल्यावर पहिल्या महिन्यात त्या घरी जा, संध्याकाळी, आधी फोन करून, व्हिजिटिंग कार्ड न घेता. माझ्या यादीत चौदा घरं निघाली होती. अकरा झाली. तीन ठिकाणी मी अजून गेलेलो नाही, त्यातलं एक घर माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे.