स्टेम्सची बेरीज मूळ मिक्सइतकीच आली पाहिजे

प्रश्न: गाणं पूर्ण झालंय, ३८ ट्रॅक आहेत. एक मित्र रीमिक्स करणार आहे आणि दुसऱ्याकडे मास्टरिंगला द्यायचंय. प्रत्येक ट्रॅक सोलो करून एक्सपोर्ट केला, पण मित्र म्हणतो की बेस आणि किक एकमेकांवर आदळतात, गाणाऱ्याचा रिव्हर्ब दुप्पट ऐकू येतो आणि कुठली फाइल कशाची तेच कळत नाही. नक्की कसं काढायचं आणि नावं कशी द्यायची?

उत्तर:

स्टेम्स बरोबर निघाले की नाही याची कसोटी एकच. सगळ्या फाइल्स रिकाम्या प्रोजेक्टमध्ये शून्यापासून लावल्या, सगळे फेडर 0 dB वर ठेवले आणि प्ले केलं, तर तुमचा मिक्स जसाच्या तसा वाजला पाहिजे. तुमच्या पहिल्या दोन्ही तक्रारी ही बेरीज बिघडल्यामुळेच आल्या आहेत.

आधी ३८ ट्रॅकचे गट करा. ३८ सुट्या फाइल्स म्हणजे मल्टिट्रॅक. त्या नव्याने मिक्स करणाऱ्याला लागतात. स्टेम म्हणजे एका कुळातल्या ट्रॅकची प्रक्रियेसकट बेरीज. तुमच्या कामाला ड्रम्स, पर्कशन, बेस, गिटार, कीज, सिंथ, मुख्य गायन, साथीचं गायन आणि इफेक्ट्स असे नऊ गट पुरेत. किक मात्र ड्रम्समधून वेगळी काढा. रीमिक्स करणारा सगळ्यात आधी किक बदलतो, आणि ती ड्रम्समध्ये मिसळलेली असेल तर त्याला सगळा ड्रम्स स्टेमच टाकून द्यावा लागतो. म्हणजे एकूण दहा.

आता मास्टर बस. तिथला लिमिटर आणि कंप्रेसर बंद करून स्टेम्स काढायचे. कंप्रेसर आवाजाच्या पातळीनुसार वागतो. पूर्ण मिक्स आत गेला की तो दाबतो, एकटी गिटार गेली तर जागचा हलतही नाही. त्यामुळे मास्टर बसमधून एकेक करून काढलेल्या स्टेम्सची बेरीज मूळ मिक्सइतकी कधीच होत नाही. बस कंप्रेसर हा तुमच्या आवाजाचाच भाग असेल तर तो चालू ठेवून एक वेगळा संदर्भ मिक्स द्या, म्हणजे मास्टरिंग करणाऱ्याला तुमच्या मनात काय होतं ते ऐकू येईल. स्टेम्समध्ये तो नको.

किक आणि बेसच्या भांडणाचं मूळ बहुधा साइडचेनमध्ये आहे. बेसवरचा कंप्रेसर किकच्या ठोक्यावर बेसला खाली दाबतो. तुम्ही बेस सोलो केलात तेव्हा अनेक सॉफ्टवेअरमध्ये किक गप्प होते, मग कंप्रेसरला इशाराच मिळत नाही आणि बेस सलग, न दबता फाइलमध्ये उतरतो. हे डोळ्यांनीही दिसतं. बेसची फाइल झूम करून बघा. 90 BPM वर एक ठोका 0.667 सेकंदांचा. किक प्रत्येक ठोक्याला असेल तर तेवढ्या अंतराने वेव्हफॉर्मला खळगा पडलेला दिसायला हवा. सपाट पट्टा दिसला तर साइडचेन सुटलंय.

उपाय असा की सोलो करून एकेक फाइल काढायचीच नाही. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सगळे गट एकाच फेरीत काढण्याची सोय असते. रीपरमध्ये रेंडर विंडोत सोर्स म्हणून `Stems (selected tracks)` निवडायचं, लॉजिकमध्ये फाइल मेनूतून सगळे ट्रॅक ऑडिओ फाइल म्हणून एक्सपोर्ट करता येतात. तरीही निघालेली बेसची फाइल एकदा तपासाच. सोलोशिवाय मार्गच नसेल तर किकची एक प्रत वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, तिचं आउटपुट मास्टरला न जोडता फक्त साइडचेनला द्या आणि ट्रॅक सोलो-सेफ करा.

इथे माझं एक मत आहे. मास्टरिंगवाल्याला दबलेलाच बेस हवा, पण रीमिक्स करणाऱ्याला तो अडचणीचा ठरतो. त्याची किक दुसऱ्या जागी पडणार, आणि तुमच्या जुन्या किकचे खळगे बेसमध्ये तसेच ऐकू येणार. म्हणून साइडचेन काढलेला बेस जादा फाइल म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये द्या.

दुप्पट रिव्हर्बचं कारण साधं आहे. गायनाच्या स्टेममध्ये रिव्हर्ब उतरला, आणि रिव्हर्बचा रिटर्न ट्रॅकही स्वतंत्र फाइल म्हणून गेला. मित्राने दोन्ही लावले. दोन्हींतलं एकच करायचं. मी प्रत्येक स्टेममध्ये त्याचा त्याचा रिव्हर्ब ठेवावा असं सांगेन, कारण नुसता रिव्हर्ब साधी बेरीज पाळतो: गिटारचा रिव्हर्ब आणि गायनाचा रिव्हर्ब वेगवेगळे काढून मिळवले तरी एकत्र काढल्यासारखेच येतात. अपवाद एकच. रिटर्नवर रिव्हर्बच्या मागे कंप्रेसर किंवा सॅच्युरेशन असेल तर ही बेरीज मोडते. मग रिटर्न स्वतंत्र स्टेम करा आणि बाकीच्या फाइल्समधून तो रिव्हर्ब पूर्ण काढा. शिवाय रीमिक्ससाठी मुख्य गायन कोरडंही द्या. ट्यूनिंग आणि इक्वलायझर राहू द्या, रिव्हर्ब आणि डिले तेवढे बंद.

एक्सपोर्टची लांबी सगळ्यांना सारखी. समजा तुमचं गाणं 90 BPM, 4/4 आहे आणि शेवटचा स्वर ८७व्या बारमध्ये थांबतो. पहिल्या बारच्या सुरुवातीपासून ९०व्या बारच्या अखेरपर्यंत रेंज लावा. शेवटचे तीन बार, म्हणजे आठ सेकंद, रिव्हर्बचं शेपूट विरायला पुरतात. एकूण बरोबर चार मिनिटं होतात, 48 kHz वर 1,15,20,000 सॅम्पल. दहाही फाइल्सचा आकडा हाच यायला हवा. साथीचं गायन ३३व्या बारला सुरू होत असलं तरी त्याची फाइल पहिल्या बारपासूनच, आधीची शांतता धरून. ती शांतता कापली की समोरच्याला फाइल कुठे ठेवायची याचा अंदाज बांधत बसावं लागतं.

फॉरमॅट वॅव. सॅम्पल रेट प्रोजेक्टचा असेल तोच, उगाच वाढवू नका. बिट डेप्थ 24 चालते, तेव्हा अशी फाइल साधारण 69 MB ची होते. लिमिटर काढल्यावर एखादा स्टेम 0 dBFS च्या वर जात असेल तर 32-bit float घ्या, त्यात वर गेलेलं टोक कापलं जात नाही. ते नको असेल तर सगळे स्टेम्स सारखेच, समजा 6 dB, खाली आणा. एकट्यालाच खाली आणलं तर तोल गेला. नॉर्मलाइझ बंद आहे ना ते बघा. ते चालू राहिलं तर हळू वाजणारं पर्कशन आणि मुख्य गायन एकाच उंचीवर येऊन बसतात, आणि तुम्ही फेडरवर केलेलं सगळं काम पुसलं जातं.

मग चाचणी. नवा प्रोजेक्ट, दहा स्टेम्स, आणि अकराव्या ट्रॅकवर मास्टर बस बंद करून त्याच रेंजवर आणि त्याच पातळीवर काढलेला मिक्स. त्या मिक्सची पोलॅरिटी उलटी करा आणि सगळं एकदम वाजवा. बरोबर असेल तर शांतता. नसेल तर जे उरतं तेच चूक कुठे आहे ते सांगतं. एखादं वाद्य स्वच्छ, पूर्ण ऐकू आलं तर ते सुटलंय किंवा दोनदा आलंय. एखादं वाद्य क्षीण पण त्याच्याच रंगात उरलं तर पातळीत फरक आहे. नुसता 1 dB फरक असला तरी ते मूळपेक्षा साधारण 19 dB खालीच उरतं, म्हणजे सहज ऐकू येतं. खर्ज गायब आणि फक्त झांजांची चिरचिर उरली तर ती फाइल एक-दोन सॅम्पल सरकली आहे, कारण इतक्या छोट्या सरकण्याने खालचे स्वर तरीही जवळजवळ कटतात, वरचे कटत नाहीत. आणि किकच्या प्रत्येक ठोक्याला बेसचा गुरगुराट उरला तर पुन्हा साइडचेनकडे जा.

मोनो फाइल्समुळे इथे फसगत होते. मोनो फाइल मधोमध पॅन केली की पॅन लॉनुसार काही सॉफ्टवेअर ती 3 dB खाली घेतात, स्टिरिओ फाइल घेत नाहीत. म्हणून बेस मोनो असला तरी स्टेम स्टिरिओच काढा. थोडी जागा वाया जाते, वाद वाचतो.

पूर्ण शांतता नेहमी मिळेलच असं नाही. कोरस, मॉड्युलेशन असलेला रिव्हर्ब, प्रत्येक वेळी वेगळं सॅम्पल वाजवणारं वाद्य, जुन्या यंत्रांची खरखर नक्कल करणारं प्लगिन, ही दर रेंडरला थोडी वेगळी वागतात. पुसट घोंघाट उरला तर सोडून द्या. ठोका किंवा शब्द ओळखू आला तर सोडू नका. हवं तर असे ट्रॅक आधी ऑडिओत फ्रीझ करा आणि मग मिक्स आणि स्टेम्स दोन्ही काढा.

आता नावं. `Audio 14-3_bip.wav` हे नाव सॉफ्टवेअरने दिलेलं, त्यातून वाद्य कळत नाही. फाइल ट्रॅकवर ओढली की अरुंद पट्टीत नावाची पहिली काही अक्षरंच दिसतात. गाण्याचं नाव पुढे लावलंत तर दहाही ट्रॅक सारखेच दिसतील. म्हणून गाणं, टेंपो, स्वर आणि फॉरमॅट फोल्डरच्या नावात, आणि फाइलच्या नावात आधी क्रमांक, मग वाद्य.

```
DHUKE_90BPM_Am_48k24b_v1/
  STEMS/
    01_KICK.wav
    02_DRUMS_NOKICK.wav
    03_PERC.wav
    04_BASS.wav
    05_GTR.wav
    06_KEYS.wav
    07_SYNTH.wav
    08_LEADVOX.wav
    09_BVOX.wav
    10_FX.wav
  EXTRA/
    04x_BASS_NODUCK.wav
    08x_LEADVOX_DRY.wav
  REF/
    MIX_NOBUS.wav
    MIX_WITHBUS.wav
  NOTES.txt
```

क्रमांक `01` असाच, `1` नको, नाहीतर काही ठिकाणी `10` हा `2` च्या आधी जाऊन बसतो. `DRUMS_NOKICK` हे नाव लांब आहे, पण किक यात नाही हे फाइल न उघडता कळतं. `x` लावलेल्या फाइल्स बेरजेत धरायच्या नाहीत, त्या पर्यायी आहेत, आणि म्हणूनच वेगळ्या फोल्डरमध्ये. फाइलची नावं रोमन अक्षरांत, मध्ये स्पेसऐवजी अंडरस्कोर. देवनागरी नावं झिप करून दुसऱ्या प्रणालीवर उघडली की कधीकधी त्यांची खिचडी होते. स्टिरिओ फाइलच्या शेवटी `.L` किंवा `.R` असलं काही लावू नका, काही सॉफ्टवेअर ते दोन वेगळ्या मोनो फाइल्सचं चिन्ह समजतं.

`NOTES.txt` मध्ये चार ओळी पुरतात: टेंपो, तो मध्ये बदलत असेल तर कुठल्या बारला, मूळ स्वर, आणि `x` फाइल्स कशाच्या जागी वापरायच्या. टेंपो हळूहळू बदलत असेल तर आकडा लिहून भागत नाही, टेंपो मॅप असलेली मिडी फाइल जोडा.

मास्टरिंगवाल्याला आधी विचारा की त्याला स्टेम्स हवेत का. बऱ्याचदा `MIX_NOBUS` आणि संदर्भाला `MIX_WITHBUS` एवढंच लागतं. स्टेम्स हवे असतील तर दहाऐवजी चार-पाच गट मागतील, तेव्हा याच फाइल्स एकत्र करून द्या आणि चाचणी पुन्हा करा.

नंतर गायनात दुरुस्ती झाली तर फक्त `08_LEADVOX_v2.wav` त्याच रेंजवर काढून पाठवा, क्रमांक न बदलता. सोबत `MIX_NOBUS_v2.wav` आणि `MIX_WITHBUS_v2.wav` पाठवायला विसरू नका. नाहीतर समोरचा चाचणी करेल तेव्हा जुन्या मिक्समधून नवं गायन वजा होणार नाही, आणि तो नसलेली चूक शोधत बसेल.