डायरीतलं कारण आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं कारण

"सर, शेअरच्या प्रत्येक खरेदी-विक्रीची डायरी दोन वर्षं ठेवतोय, कारणासकट. तरी चुका त्याच त्याच होतात आणि डायरी वाचली की वाटतं चूक अशी कुठे झालीच नाही, बाजारच वाईट होता. मग लिहून फायदा काय?"

डिचोलीत यांचं औषधांचं दुकान आहे. शुक्रवारी आले, म्हणजे म्हापशाच्या बाजाराची गर्दी, पार्किंग शोधण्यातच अर्धा तास गेला त्यांचा. कुठला शेअर घ्यावा हे मी कोणाला सांगत नाही, माझं काम सवयींपुरतं, त्यामुळे मी आधी डायरीच मागितली. सुंदर डायरी हो! तारीख, भाव, नग, कारण, सगळं एकाच निळ्या पेनाने, एकसारख्या अक्षरात. तिथेच मला शंका आली. विचारलं, हे लिहिता कधी? म्हणाले, "रविवारी निवांत बसून, महिन्याभराच्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स समोर ठेवून."

कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणजे ब्रोकरने पाठवलेली व्यवहाराची पावती, तिच्यात भाव असतो, नग असतो, वेळसुद्धा असते. कारण मात्र नसतं, ते आठवावं लागतं, आणि आठवताना भाव वर गेला की खाली हे आपल्याला माहीत झालेलं असतं. मग मन आपल्याला शोभेल असंच कारण पुरवतं. खोटं बोलतोय असं वाटतही नाही.

त्यांना सगळ्यात जास्त सलणारा शेअर काढला. डायरीत तीन खरेद्या, तिन्हीपुढे एकच कारण: "लाँग टर्म". मी म्हटलं, घेतला त्या दिवशी कोणाशी बोलला होता का? पर्वरीच्या मेहुण्याला व्हॉट्सअ‍ॅप करतात म्हणे नेहमी. मग तिथेच बसून त्या तारखांचे मेसेज शोधले. पहिले 100 नग 210 ला, मेसेज: "रिझल्ट भारी येणार, महिन्यात काढतो." रिझल्ट वाईट आला, दुसऱ्या दिवशी भाव 185. त्या दिवशी विकायचं सोडून यांनी 180 ला आणखी 100 घेतले, मेसेज: "एवढा पडलाय, अ‍ॅव्हरेज करतो." मग 140 ला 200, मेसेज: "जुनी कंपनी आहे, जाणार कुठे." थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत, मग हळूच म्हणाले, "लाँग टर्म तर कुठेच नाही ह्यात."

हिशेब कागदावर मांडला. 400 नगांत 67,000 रुपये गेले, आता भाव 118, म्हणजे किंमत 47,200 आणि तोटा 19,800. पहिलं कारण रिझल्टच्या दिवशीच मेलं होतं, तेव्हा 185 ला काढले असते तर 2,500 मध्ये सुटले असते. पहिली खरेदी मी चूक धरत नाही, अंदाज चुकतातच. चूक पुढची, कारण मेल्यावर शेअरला नवीन कारण चिकटवत जायची, आणि रविवारच्या डायरीत नेमकं तेच पुसलं गेलं होतं.

मग पद्धत बदलली. ऑर्डर टाकायच्या आधी तीन ओळी: का घेतोय, काय घडलं तर हे कारण खोटं ठरलं असं मानणार, आणि ते तपासायची तारीख. दुसरी ओळ सगळ्यात अवघड. "भाव पडला तर" एवढं चालणार नाही कारण भाव तर रोजच हलतो, ज्या कारणाने घेतलं त्याच्याशीच जोडलेली गोष्ट हवी, रिझल्टसाठी घेतला तर रिझल्टच. नंतर खाडाखोड नाही, मत बदललं तर खाली नवी तारीख घालून नवीन नोंद. आणि वाचायला बसताना आधी रकमेचा रकाना हाताने झाकून फक्त कारण तपासायचं, नंतर निकाल बघायचा, कारण भलत्या कारणाने झालेला नफा कोणी चूक म्हणून मोजत नाही, यांच्याकडेही दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या टिपेवर मिळालेला 12 टक्के नफा "चांगला निर्णय" म्हणून लिहिला होता! बाकी चार-पाच नोंदींवरून काही कळत नाही हेही सांगितलं, वीस-पंचवीस साठल्या की एकच कारण किती वेळा येतंय ते दिसायला लागतं.

दोन महिन्यांनी नोंदीचा फोटो आला. पहिली ओळ: "सगळे घेतायत." दुसरी ओळ कोरी. खाली लिहिलेलं, "सुचलं नाही, घेतला नाही." तो शेअर नंतर 8 टक्के वर गेला म्हणून फोनवर जाम वैतागले होते. विचारत होते, ही नोंद चूक म्हणून लिहू का? म्हटलं, आहे तशीच राहू दे, फक्त वर गेला ते तारीख घालून खाली लिहा.