चारशेवीस आता तीनशे अठरा?

प्रश्न : नवा कायदा आल्यावर ४२० कलम रद्द झालं म्हणतात. मग ‘चारशेवीस’ शब्दाचं काय? आणि आधीच्या केसेस आपोआप ३१८ होतात का?

नाही, आपोआप काहीच होत नाही.

‘चारशेवीस’ हा शब्द भारतीय दंड विधानाच्या, म्हणजे भादंविच्या कलम ४२० वरून आला. फसवून कोणाकडून मालमत्ता काढून घेणं हा त्यातला गुन्हा आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हाच गुन्हा ३१८(४) मध्ये आहे, शिक्षा तीच. नुसता ‘३१८’ आकडा मात्र पुरत नाही. साधी फसवणूक ३१८(२) मध्ये येते. भादंवित तिला कलम ४१७ खाली जास्तीत जास्त एक वर्ष होतं, आता तीन वर्षं आहेत.

कोणतं कलम लागणार हे ठरतं गुन्हा घडल्याच्या तारखेवरून, फिर्याद दिल्याच्या नव्हे. समजा, २० जून २०२४ ला कोणी खोटी कागदपत्रं दाखवून फ्लॅटच्या नावाखाली पाच लाख उकळले आणि फिर्याद १० जुलैला नोंदली गेली. गुन्हा भादंवि ४२० चाच. पण नोंद आणि तपास, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणून त्याच एफआयआरवर जुन्या १५४ ऐवजी १७३ कलम दिसतं. एकाच कागदावर जुनं-नवं पाहून लोक गोंधळतात, पण ती चूक नसते. फिर्याद जूनमध्येच झाली असती आणि १ जुलैला तपास चालू असता, तर तो तपासही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेच पुढे जातो.

जुन्या केसेस तगतात त्या न्याय संहितेच्या कलम ३५८ मुळे. भादंवि रद्द करतानाच तिथे आधीची जबाबदारी, शिक्षा आणि चालू खटले राखून ठेवले आहेत. शिवाय संविधानाचा अनुच्छेद २०(१) सांगतो की गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यात होती त्याहून जास्त शिक्षा देता येत नाही. वरच्या प्रकरणात शेवटी साधी फसवणूकच सिद्ध झाली, तर कमाल शिक्षा एकच वर्ष, तीन नव्हे. फिर्यादीत चुकून ‘३१८’ पडलं असेल तर ते वेळीच दुरुस्त करून घेणं आरोपीच्या हिताचं आहे ते यासाठी.

आता लिहिण्याबद्दल. आकड्यापुढे कायद्याचं नाव हवंच. भादंवि ३१८ होतं मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवण्याबद्दल. ‘३०२ दाखल’ म्हटलं की आपल्याला खून आठवतो, पण न्याय संहितेचं ३०२ आहे मुद्दाम बोलून धार्मिक भावना दुखावण्याचं. खून आहे १०३(१) मध्ये. ४२० ची गंमत निराळी. न्याय संहिता ३५८ कलमांवरच संपते, त्यामुळे तिथे चारशेविसावं कलमच नाही. एखाद्याला ‘चारशेवीस’ म्हणताना कायद्याचा गोंधळ व्हायची भीती नाही, तो शब्द खुशाल वापरा.