वरच्या वर्गात बसवायचं की आहे त्याच वर्गात जादा द्यायचं?

"ताई, मुलगी चौथीत आहे. गणितं सगळ्यांच्या आधी संपवते आणि बसून राहते. हल्ली तर सोप्या बेरजाही चुकवते. बाई म्हणतात, तिला जादा काम देऊ. मला वाटतं, सरळ पाचवीत बसवावं. पण मोठ्या मुलांत ती बुजली तर?"

वही उघडली तेव्हा चुका कुठून सुरू होतात ते लगेच दिसलं. वीस उदाहरणांपैकी पहिली सात बिनचूक आणि सुबक. आठव्यापासून अक्षर पसरत गेलेलं, तेराव्यात हातचा विसरलेला. खाली लाल शाईत शेरा: 'छान! अजून दहा सोडव.' लवकर संपवलं की तेच पुन्हा पदरात पडतं, हे मुलीच्या केव्हाच लक्षात आलं होतं. बाईंचा हेतू चांगला होता, पण याला समृद्धीकरण म्हणत नाहीत. समृद्धीकरणात मूल त्याच इयत्तेत राहतं आणि विषयात अधिक खोल उतरतं. प्रवेगनात पुढच्या इयत्तेचा अभ्यास लवकर हाती येतो.

यांतलं काय निवडायचं, हे मूल कोणत्या विषयात किती पुढे आहे त्यावर ठरतं, आणि ते वर्गातल्या चाचणीतून कळत नाही. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळवणारं मूल सहा महिने पुढे असेल किंवा तीन वर्षं. पेपरच तिथे संपतो. म्हणून वरच्या इयत्तेचा पेपर द्यायचा. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांनी १९७२ मध्ये सातवी-आठवीच्या मुलांना चक्क कॉलेज प्रवेशाची गणित चाचणी दिली, ती याच विचाराने.

या मुलीला पाचवीचा वार्षिक पेपर दिला: पन्नासपैकी एक्केचाळीस. सहावीच्या पेपरात एकोणीस, म्हणून तिथेच थांबलो. गुणांपेक्षा उत्तरं जास्त बोलकी होती. ५/८ मोठा की ३/५, हे तिने २५/४० आणि २४/४० करून तोंडी सांगितलं. पण ०.३५ आणि ०.४ यांत ०.३५ मोठा म्हणाली, कारण "पस्तीस चारापेक्षा मोठे". म्हणजे दशांश चिन्हानंतरची स्थानिक किंमत तिला कोणी शिकवलीच नव्हती. पुढे सरकवताना नेमकी अशीच भोकं राहतात. बुद्धी कमी म्हणून नव्हे, मधलं पान उलटलं गेलं म्हणून. भाषेत ती पाचवीचा उतारा सहज वाचत होती, पण लेखन चौथीचंच होतं: परिच्छेद नाहीत, वाक्यं 'आणि मग'ने जोडलेली.

त्यामुळे पूर्ण इयत्ता ओलांडायला आम्ही नाही म्हटलं आणि फक्त गणितासाठी ती पाचवीत जाईल असं ठरवलं. आधी दोन आठवडे दशांश अपूर्णांक, मग वर्ग. अडचण आली ती वेळापत्रकाची: दोन्ही वर्गांचा गणिताचा तास एकाच वेळी नसेल, तर मूल दुसऱ्या कुठल्या तरी विषयाला रोज मुकतं. मुख्याध्यापकांनी तास जुळवले, म्हणून हे जमलं. भाषेत समृद्धीकरण दिलं, पण बदली म्हणून. धड्याआधी छोटी चाचणी, त्यात ८५ टक्क्यांच्या वर गेली तर त्या धड्याचा स्वाध्याय माफ. त्या वेळेत तिने एकाच घटनेच्या दोन बातम्या वाचून त्यांत काय वेगळं आहे ते लिहायचं.

समृद्धीकरणाच्या बाजूने मुद्दे आहेतच. मैत्रिणी सुटत नाहीत, वेळापत्रक हलत नाही, पाया रुंद होतो. पण शाळा त्याला पटकन हो म्हणते आणि नंतर कोणी विचारत नाही, हेही खरं. भरधाव शिकणाऱ्या मुलाला आठवड्यातून एक तास कोडी देऊन उरलेले तास तेच रटाळ ठेवले, तर दुखणं तसंच राहतं. प्रवेगनाबद्दलची मोठी भीती, म्हणजे मूल एकटं पडेल ही, अभ्यासांत सर्वसाधारणपणे खरी ठरलेली नाही. मात्र मुलाची स्वतःची इच्छा नसेल, किंवा त्याच वर्गात सख्खं मोठं भावंड असेल, तर इयत्ता ओलांडणं टाळावं. मुलीला एकटीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "गणिताला जाईन. डबा मात्र आमच्याच वर्गात."

आढावा सहा आठवड्यांनी. घरी तुम्ही तीन गोष्टी बघा: सकाळी पोट दुखतं का, गणिताचा गृहपाठ वीस-पंचवीस मिनिटांच्या पलीकडे जातो का, आणि चुका कसल्या होतात. नव्या संकल्पनेतल्या चुका चालतील. हातचा पुन्हा विसरायला लागली, तर हाही वर्ग तिला सोपा पडतोय. आणि एक गोष्ट आत्ताच शाळेकडून लिहून घ्या: पुढच्या वर्षी ती पाचवीत जाईल तेव्हा गणित सहावीचं असेल. हे कागदावर नसलं, की नव्या बाई पाचवीचं पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करतात.