अडलेली पायरी विचारावी
मित्रमैत्रिणींनो, यंदा आपल्या वर्गात नव्याने आलेल्यांना मी माझाच एक अनुभव सांगतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार होण्याचे समीकरण बाईंनी फळ्यावर 2H₂ + O₂ → 2H₂O असे संतुलित केले, तेव्हा ऑक्सिजनचे अणू जुळवण्यासाठी H₂O मधल्या O च्या खालीच 2 का लिहायचा नाही, हे मला कळत नव्हते. बराच वेळ मी मान खाली घालून नुसते उतरवून घेतले आणि शेवटी हात वर केला. बाई म्हणाल्या, "तसे केलेस तर ते H₂O₂, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड होईल, पाणी नव्हे. पदार्थ बदलायचा नाही, रेणूंची संख्या बदलायची." त्याच क्षणी मागच्या बाकांवर खोडरबर चालू लागले, कारण तीच चूक अनेकांच्या वहीत होती.

म्हणून विचारताना लाजू नका. मात्र "काहीच समजले नाही" असे न म्हणता नेमक्या कोणत्या पायरीवर अडले ते सांगा, म्हणजे शिक्षकांना तिथूनच उलगडून सांगता येते. तास घाईत असेल, तर त्या ओळीसमोर समासात प्रश्नचिन्ह करून ठेवा आणि तास संपताच वही घेऊन बाईंकडे जा.